दिवाळीत ऑर्डर वाढल्या म्हणून क्लाउडचं बिल वाढलं? आधी बिलाची फोड करा, मग ठरवा



क्लाउडचं बिल अचानक वाढलं की बहुतेक छोटे मालक एकच आकडा बघतात, तो म्हणजे तळाचा. गेल्या महिन्यात चौदा हजार, या महिन्यात एकोणतीस हजार. मग डेव्हलपरला फोन जातो, तो म्हणतो "ट्रॅफिक वाढलाय", आणि आपण पैसे भरून मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे की तळाच्या आकड्यावरून बिल का वाढलं हे कुणालाच सांगता येत नाही, डेव्हलपरलाही नाही. त्यासाठी बिलाची दोनदा फोड करावी लागते. आधी सर्व्हिसप्रमाणे आणि मग टॅगप्रमाणे. हे काम मालकाने स्वतः करावं, कारण त्याला कोडिंग लागत नाही. तुमच्या सोसायटीचं कॉमन मीटरचं बिल वाढलं तर तुम्ही लिफ्ट किती, पाण्याचा पंप किती, जिन्यातले दिवे किती असं विचारताच ना? तेवढीच अक्कल इथे लागते.

व्हिडिओत मी स्क्रीनवर बटणं दाखवतो. इथे एक पूर्ण उदाहरण आकड्यांसकट सोडवून दाखवतो. उदाहरण कल्पित आहे, पण यातले दर आणि बिलाची रचना खरी आहे.

समजा गोरेगाव पूर्वेला, आरे रोडजवळ एक ताई घरगुती फराळाचा व्यवसाय करतात. दहिसरपासून अंधेरीपर्यंत डिलिव्हरी, स्वतःची वेबसाइट, ऑर्डर तिथूनच येतात. वेबसाइट अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर, मुंबई रीजनमध्ये आहे. हे रीजन 2016 साली सुरू झालं आणि त्याचं तांत्रिक नाव ap-south-1. सेटअप छोटा आहे. दोन सर्व्हर, एक डेटाबेस, एक लोड बॅलन्सर आणि पदार्थांचे फोटो ठेवायला एस-थ्री नावाची साठवणूक. डेव्हलपर फ्रीलान्स, महिन्याच्या ठरावीक पैशांवर.

सप्टेंबरमध्ये 600 ऑर्डर आल्या, बिल 144 डॉलर. ऑक्टोबरमध्ये दिवाळी, 1500 ऑर्डर, बिल 292 डॉलर. डॉलर 85 रुपये धरू आणि वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे साधारण 14,450 रुपयांवरून 29,300 रुपये. (जीएसटी नोंदणी असेल आणि खात्यात जीएसटीआयएन भरला असेल तर त्या 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर नाही. म्हणून मी कर धरूनच बोलतो.)

आता ताईंच्या जागी उभे राहून बघा. ऑर्डर अडीचपट झाल्या, बिल दुप्पट झालं. वरवर बघता हे छानच वाटतं! ऑर्डरमागे खर्च कमी झाला म्हणायचा. डेव्हलपरही म्हणतो, "ताई, दिवाळी आहे, ट्रॅफिक वाढणारच." कोण शंका घेईल? हीच खरी अडचण आहे. सणाच्या महिन्यातली गळती सणाच्या गर्दीत लपते, आणि तळाचा आकडा तिला लपायला मदत करतो.

पहिली फोड सर्व्हिसप्रमाणे. एडब्ल्यूएसच्या बिलिंगमध्ये कॉस्ट एक्स्प्लोरर नावाचं पान आहे, ते बघायला पैसे लागत नाहीत. तिथे तारखा निवडायच्या, हिशेब महिन्याऐवजी रोजचा करायचा आणि Group by मध्ये Service घ्यायचं. ताईंच्या बिलात काय दिसतं ते बघा. सर्व्हर सप्टेंबरमध्ये 38 डॉलर, ऑक्टोबरमध्ये 46. गर्दीच्या चार-पाच दिवसांत एक जादा सर्व्हर लावला होता, पटतं. डेटाबेस 27 वरून 28. लोड बॅलन्सर 18 वरून 20. पब्लिक आयपीचे 11 डॉलर दोन्ही महिन्यांत तेवढेच. एस-थ्री 2 वरून 3. आणि मग एक ओळ आहे EC2-Other नावाची. ती 48 वरून 184 वर गेली आहे.

एकूण वाढ 148 डॉलरची, त्यातले 136 या एका ओळीत. म्हणजे दिवाळीच्या खऱ्या गर्दीचा खर्च फक्त 12 डॉलर होता. दीड हजार ऑर्डर झेलायला सर्व्हर आणि डेटाबेसला फारसं काही जड गेलंच नाही. "ट्रॅफिक वाढला" हे उत्तर इथेच बाद होतं, आणि अजून आपण एकही तांत्रिक शब्द वापरलेला नाही.

पण EC2-Other म्हणजे काय? नावाप्रमाणेच अडगळीची खोली. सर्व्हर स्वतः सोडून त्याच्या आजूबाजूचं बरंच काही यात टाकलेलं असतं. डिस्क, डिस्कचे बॅकअप, डेटाची ने-आण, नॅट गेटवे. म्हणून सर्व्हिसवर थांबायचं नाही. फिल्टरमध्ये फक्त EC2-Other ठेवायचं आणि Group by बदलून Usage type करायचं. आता ओळी अशा दिसतात:

```
APS3-NatGateway-Bytes
APS3-NatGateway-Hours
APS3-EBS:VolumeUsage.gp3
```

APS3 म्हणजे मुंबई रीजन. हे अक्षर-आकडे लक्षात ठेवा, कारण तुमचं सगळं काम मुंबईत असेल आणि बिलात दुसऱ्याच रीजनचं अक्षर दिसलं तर तो वेगळाच प्रश्न आहे. कुणीतरी चुकून दुसरीकडे काहीतरी चालू केलंय, किंवा तुमची चावी भलत्या हातात गेली आहे.

नॅट गेटवे हा काय प्रकार आहे, थोडक्यात सांगतो. सुरक्षिततेसाठी सर्व्हर आतल्या खोलीत ठेवतात, जिथे बाहेरून थेट कुणी येऊ शकत नाही. पण त्या सर्व्हरला स्वतः बाहेर जायची गरज पडते. अपडेट घ्यायला, पेमेंट कंपनीशी बोलायला. त्यासाठी एक दरवाजा लागतो, तो नॅट गेटवे. या दरवाजाला दोन भाडी आहेत. मुंबईत तो नुसता उभा असण्याचं भाडं तासाला 0.056 डॉलर, आणि त्यातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक जीबीमागे आणखी 0.056 डॉलर. तासाचं भाडं महिन्याला 40-42 डॉलरच्या पुढे जात नाही, कारण महिन्यात तास तेवढेच. जीबीच्या भाड्याला मात्र वरची मर्यादाच नाही.

ताईंच्या बिलात तासाची ओळ सप्टेंबरमध्ये 40.32 आणि ऑक्टोबरमध्ये 41.66. एक दिवस जास्त, बस. डिस्कची ओळ दोन्हीकडे साधारण 5. जीबीची ओळ मात्र 2.80 वरून 137.20 झाली. दर 0.056 असल्यामुळे उलटा हिशेब सोपा आहे. सप्टेंबरमध्ये 50 जीबी गेले होते, ऑक्टोबरमध्ये 2450 जीबी. फराळाच्या दुकानातून अडीच हजार जीबी कुठे गेले?

इथे रोजचा आलेख कामाला येतो, आणि मला तर हा सगळ्यात बोलका भाग वाटतो. 11 ऑक्टोबरपर्यंत EC2-Other चा खर्च रोज साधारण 1.60 डॉलर होता. 12 तारखेपासून तो 8.30 झाला आणि 31 तारखेपर्यंत तसाच सपाट राहिला. ऑर्डरचा आलेख असा नसतो. ऑर्डर वसुबारसेच्या आधी चढतात, लक्ष्मीपूजनानंतर आपटतात, शनिवार-रविवारी वेगळ्या दिसतात. गिऱ्हाईक रात्री तीन वाजता चकल्या मागवत नाही. जो खर्च एका ठरावीक दिवशी पायरीसारखा वर चढतो आणि मग सणवार, रविवार काही न बघता सपाट चालतो, तो माणसांमुळे झालेला नसतो, यंत्रामुळे झालेला असतो. कुठलं तरी काम घड्याळ लावून चालू आहे. आलेखाच्या आकारावरून एवढं कळतं आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

आता दुसरी फोड, टॅगप्रमाणे. टॅग म्हणजे प्रत्येक वस्तूला लावलेली चिठ्ठी. ताईंच्या डेव्हलपरने दोन्ही सर्व्हरना Project नावाची चिठ्ठी लावली होती, एकावर website, दुसऱ्यावर catalogue. चांगली गोष्ट. Group by मध्ये Tag घेऊन Project निवडलं की EC2-Other ची विभागणी दिसते. website पाऊण डॉलर, catalogue पाऊण डॉलर, म्हणजे त्या दोन सर्व्हरच्या छोट्या डिस्क. आणि तिसरी ओळ:

```
No tag key: Project
```

हिच्यापुढे 182 डॉलरहून जास्त. म्हणजे ज्या ओळीत गळती आहे तिला चिठ्ठीच नाही. कारण नॅट गेटवे सुरुवातीला कुणीतरी हाताने बनवला आणि त्याला टॅग लावायचं राहून गेलं. हे फार नेहमीचं आहे. सर्व्हरना लोक टॅग लावतात, कारण सर्व्हर डोळ्यांसमोर असतो. गेटवे, डिस्क, बॅकअप, आयपी पत्ते यांना लावत नाहीत, कारण ते कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतात. आणि गळती नेमकी तिथेच होते.

म्हणून माझं मत जरा उलटं आहे. लोक टॅगचा अहवाल उघडून कुठला प्रोजेक्ट जास्त खातो ते बघतात. तुम्ही आधी बिनटॅगची ओळ बघा. ती एकूण बिलाच्या दहा टक्क्यांपेक्षा मोठी असेल तर बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवायची घाई करू नका, कारण तुमचा बराचसा खर्च अजून कुणाच्याच नावावर नाही. ताईंच्या बाबतीत सप्टेंबरमध्येच ही ओळ बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होती. गळती लागायच्या आधीच घर उघडं होतं.

टॅगबद्दल तीन गोष्टी सांगतो, त्या माहीत नसल्या की माणूस तासन्‌तास डोकं खाजवत बसतो. पहिली, वस्तूला टॅग लावला म्हणून तो बिलात दिसत नाही. बिलिंगमध्ये Cost allocation tags नावाचं पान आहे, तिथे जाऊन तो चालू करावा लागतो. नवा टॅग त्या यादीत यायला एक दिवस लागू शकतो आणि चालू केल्यावर हिशेबात दिसायला आणखी एक. दुसरी, ज्या काळात वस्तूला टॅग लावलेलाच नव्हता त्या काळाचा खर्च नंतर टॅग लावून त्या नावावर येत नाही. म्हणजे बिल फुगल्यावर टॅग लावलेत तर उपयोग पुढच्या वेळेला, या वेळेला नाही. तिसरी, अक्षरं लहान-मोठी असली तरी फरक पडतो. Project आणि project हे त्याच्या लेखी दोन वेगळे टॅग आहेत. एकाने असं आणि दुसऱ्याने तसं लिहिलं की खर्च दोन याद्यांत विखुरतो आणि दोन्ही याद्या अर्धवट दिसतात. नाव एकदा कागदावर ठरवा आणि डेव्हलपर बदलला तरी तेच चालवा.

बरं, समजा नॅट गेटवेला टॅग असता, तर गुन्हेगार सापडला असता का? नाही, अर्धाच सापडला असता. ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे आणि ती लपवून चालणार नाही. गेटवे हा सामाईक दरवाजा आहे. बिल सांगतं की या दरवाजातून 2450 जीबी गेले. कोण घेऊन गेलं हे सांगत नाही, कारण खर्च दरवाजाच्या नावावर पडतो, ये-जा करणाऱ्याच्या नाही. कोणी नेलं हे बघायला वेगळी नोंदवही चालू करावी लागते, तिला व्हीपीसी फ्लो लॉग म्हणतात, आणि ती ठेवायलाही पैसे लागतात. मोठ्या कंपनीने ती ठेवावी. दोन सर्व्हरवाल्याने आधी एक फुकटचा प्रश्न विचारावा: 11 किंवा 12 तारखेला काय बदललं?

"बिल का वाढलं?" आणि "12 ऑक्टोबरला काय बदललं?" या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला डेव्हलपर "ट्रॅफिक" म्हणेल. दुसऱ्याला त्याला आपल्या नोंदी किंवा व्हॉट्सअ‍ॅप उघडावंच लागतं. आपल्या उदाहरणात उत्तर असं निघतं: ताईंनी 11 तारखेला सांगितलं होतं की नव्या गिफ्ट बॉक्सचे फोटो साइटवर उशिरा दिसतात, जरा पटकन दिसू देत. त्याने catalogue सर्व्हरवर दर पंधरा मिनिटांनी चालणारं एक काम लावलं. ते काम एस-थ्रीमधला फोटोंचा सगळा फोल्डर खाली उतरवतं आणि छोटे फोटो तयार करतं. बदललेले फोटो नाहीत, सगळेच. फोल्डर सव्वा जीबीचा. दिवसाला 96 वेळा, म्हणजे 120 जीबी. वीस दिवसांचे 2400 जीबी. नेहमीचे 50 त्यात मिळवा आणि बिलातला आकडा तंतोतंत जुळतो.

हिशेब जुळणं महत्त्वाचं आहे. कारण सापडलं असं वाटलं की आपण थांबतो, पण ते कारण पूर्ण आकडा समजावतं का हे ताडून बघा. 2450 पैकी फक्त 900 जीबीच जुळले असते, तर दुसरी गळती अजून चालूच असती.

इथली गंमत अशी की एकाच रीजनमध्ये एस-थ्रीतून सर्व्हरवर डेटा आणायला एडब्ल्यूएस ने-आणीचे पैसे घेत नाही. म्हणून डेव्हलपरच्या डोक्यात "हे तर फुकट आहे" असंच होतं, आणि त्यात त्याचं फार चुकलं नव्हतं. पैसे लागले ते दरवाजाचे. आतल्या खोलीतला सर्व्हर एस-थ्रीकडे जायलासुद्धा नॅट गेटवेतूनच जात होता. यावर उपाय आहे एस-थ्री गेटवे एंडपॉइंट. एस-थ्रीकडे जाणारा मधला बोळ म्हणा, आणि त्याला तासाचंही भाडं नाही, जीबीचंही नाही. तो लावायचा आणि शिवाय फक्त बदललेलेच फोटो उतरवायला सांगायचं. दोन्ही करा. नुसता एंडपॉइंट लावला तर पैसे वाचतील, पण सर्व्हर दिवसाला 96 वेळा तेच काम उपसत राहील.

दुरुस्ती झाली हे कशावरून? डेव्हलपरच्या "हो ताई, केलं" वरून नाही. पुन्हा तेच पान, तीच फोड, दोन दिवसांनी. APS3-NatGateway-Bytes ची ओळ रोजच्या दहा सेंटच्या, म्हणजे 0.10 डॉलरच्या आसपास आली पाहिजे. आली नाही तर बहुतेक वेळा एंडपॉइंट बनवलेला असतो, पण सर्व्हर ज्या रूट टेबलवर आहे त्याला जोडायचा राहिलेला असतो. बोळ आहे, पण पाटी लावली नाही, म्हणून सगळे जुन्या दरवाजानेच जातात.

आता "आम्ही बजेट अलर्ट लावलाय, आम्हाला याची गरज नाही" म्हणणाऱ्यांसाठी. अलर्ट जरूर लावा, मी नाही म्हणत नाही. पण ताईंच्या उदाहरणात तो कधी वाजला असता ते बघा. समजा महिन्याला 200 डॉलरचा एकूण अलर्ट होता. गळती सोडून रोजचा खर्च साधारण 5.10 डॉलर. 11 तारखेपर्यंत 56 डॉलर झाले. पुढे रोज 11.80. दोनशेला पोचायला 24 तारीख उजाडते. 80 टक्क्यांवर आधीची सूचना लावली असती तरी 20 तारीख, म्हणजे दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात असेल तर ऐन गडबडीत. तो ईमेल कोण उघडणार? आणि उघडला तरी मनात उत्तर तयार आहे: दिवाळी आहे.

गळती रोज कर धरून साधारण 674 रुपयांची होती. वीस दिवसांचे 13,500. रोजची सर्व्हिसवार फोड बघणाऱ्याला ती 13 किंवा 14 तारखेला दिसते, कारण आकडे यायला एक दिवस उशीर होतो. तीन दिवसांत बंद झाली असती तर नुकसान दोन हजारांच्या आसपास. हा साडेअकरा हजारांचा फरक म्हणजे फराळाच्या धंद्यात बऱ्याच किलो चकल्यांचा नफा आहे.

एडब्ल्यूएसमध्ये Cost Anomaly Detection नावाची मोफत सोय आहे, ती सर्व्हिसप्रमाणे नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की ईमेल पाठवते. ती चालू करून ठेवा. पण ती सांगणार की इथे काहीतरी विचित्र दिसतंय. ते दिवाळीमुळे की फोटोंमुळे, हे तिला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. विकतची डॅशबोर्ड सॉफ्टवेअर मात्र पंधरा-वीस हजारांच्या बिलासाठी घेऊ नका. बिल वाचायला बिलाइतकाच खर्च, याला धंदा म्हणत नाहीत.

मग रोज बघायचं तरी काय? माझी पद्धत साधी आहे. सर्व्हिसप्रमाणे कालचा आकडा घ्यायचा आणि त्याआधीच्या चौदा दिवसांत तिचा मधला आकडा काय होता ते बघायचं. कालचा दीडपटीहून जास्त असेल आणि फरक 200 रुपयांहून मोठा असेल तरच आत शिरायचं. दोन्ही अटी लागतात. नुसती दीडपट बघितली तर दोन रुपयांचे तीन रुपये झाले म्हणून रोज घाबराल. नुसते रुपये बघितले तर मोठ्या सर्व्हिसचा साधा चढउतारही गळती वाटेल. ताईंच्या बाबतीत EC2-Other 136 रुपयांवरून 706 वर गेलं, दोन्ही अटींत बसतं. जादा सर्व्हर लावलेले दिवसही कदाचित बसतील, पण त्यांचं कारण तुम्हाला आधीच माहीत असतं.

एक तारखेला मात्र फसू नका. काही आकार महिन्याचे एकदम पहिल्याच दिवशी पडतात, उदाहरणार्थ डोमेनच्या पत्त्याच्या सर्व्हिसचं, म्हणजे रूट 53 चं, झोनमागचं भाडं. त्या दिवशीचा उंच खांब गळती नाही. जीएसटीची ओळही वेगळी येते, तिला टॅग लागत नाही, ती बाजूला काढूनच टक्केवारी मोजा.

ज्यांचं बिल जरा मोठं आहे किंवा डेव्हलपर हुशार आहे त्यांनी तपशीलवार नोंदींची फाइल चालू करून घ्यावी. तिला कॉस्ट अँड यूसेज रिपोर्ट म्हणतात. त्यात कुठल्या वस्तूने कुठल्या दिवशी किती वापर केला याची ओळ न्‌ ओळ असते, बिनटॅगच्या वस्तूचा ओळख क्रमांकसुद्धा, म्हणजे चिठ्ठी नसली तरी वस्तू सापडते. अथेना नावाच्या सोयीत ती जोडली की एवढं पुरतं:

```sql
SELECT date(line_item_usage_start_date) AS din,
       line_item_usage_type,
       resource_tags_user_project,
       line_item_resource_id,
       round(sum(line_item_unblended_cost), 2) AS kharch
FROM cur_table
WHERE line_item_line_item_type = 'Usage'
GROUP BY 1, 2, 3, 4
ORDER BY 1, 5 DESC
```

cur_table च्या जागी तुमच्या टेबलचं नाव. या फाइलमध्ये EC2-Other नावाची अडगळ नसते, ती फक्त कॉस्ट एक्स्प्लोररच्या पानावर असते. इथे प्रत्येक गोष्ट थेट वापराच्या प्रकाराने दिसते. गूगल क्लाउडवर असाल तर टॅगच्या जागी लेबल म्हणतात, अ‍ॅझ्युअरवर टॅगच म्हणतात. फोड करायची रीत तीच.

हे सगळं जमायला एक अट आहे. खातं तुमच्या ईमेलवर असलं पाहिजे. आपल्याकडे सर्रास काय होतं, डेव्हलपरच स्वतःच्या ईमेलवर खातं उघडतो, मालकाला महिन्याला एक स्क्रीनशॉट पाठवतो. स्क्रीनशॉटची फोड करता येत नाही. मूळ लॉगिन तुमच्याकडे आणि डेव्हलपरला त्याच्या कामापुरतं वेगळं लॉगिन, असं करा. यात अविश्वास काही नाही. दुकानाच्या गल्ल्याची चावी मालकाकडे असते, त्यात नोकराचा अपमान नसतो.

ताईंच्या बिलात आणखी दोन गोष्टी उरतात. एक, नॅट गेटवेचं नुसतं उभं असण्याचं भाडं कर धरून महिन्याला चार हजारांच्या वर जातं. दोन सर्व्हरच्या दुकानाला तो दरवाजा खरंच हवा का, हे डेव्हलपरला विचारण्यासारखं आहे, फक्त सुरक्षिततेचं उत्तर नीट ऐकून घ्या. आणि दुसरी, ती बिनटॅगची ओळ अजून पूर्ण रिकामी झालेली नाही. गेटवेला टॅग लावल्यावरही तिथे महिन्याला साडेतीन डॉलर उरतातच. वापराचा प्रकार EBS:VolumeUsage.gp3, म्हणजे डिस्क, साधारण 40 जीबीची. दोन्ही सर्व्हरच्या डिस्कना तर टॅग आहे. मग ही तिसरी डिस्क कुठल्या सर्व्हरची? बहुधा कधीतरी बंद केलेल्या एखाद्या जुन्या सर्व्हरची. काढून टाकायच्या आधी तिच्यात ऑर्डरचा जुना डेटा नाही ना, ते मात्र डेव्हलपरकडून बघून घ्या.